फुस्स आवाज एकीकडचा, कमी आच दुसरीकडची

प्रश्न: "दादा, आम्ही मानेवाड्याले राहतो. परवा नवीन सिलिंडर लावला तेव्हापासून रेग्युलेटरपाशी फुस्स असा बारीक आवाज येऊन राहिला. वास थोडाच येते, तोही खाली वाकलं तरच. आच पण कमी झाली, दोन्ही शेगड्या लावल्या की भाकर भाजतच नाही. भाच्यानं रेग्युलेटर जोरात दाबून बसवला, तरी तसंच आहे. नळी चार-पाच वर्षांची असेल. रेग्युलेटर बदलून टाकू का? बाजारात मिळते म्हणतात."

ताई, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. रेग्युलेटरचा नॉब बंद करा, रेग्युलेटर सिलिंडरवरून काढा आणि सिलिंडरसोबत दोऱ्याला बांधून येते ती प्लास्टिकची टोपी व्हॉल्व्हवर घट्ट दाबून बसवा. स्वयंपाकघराची खिडकी आणि दार उघडं ठेवा. खाली वाकल्यावर वास येतो असं तुम्ही लिहिलं, तो गॅस जमिनीलगत साठतो आहे म्हणूनच येतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही. त्यामुळे वरची झरोक्याची खिडकी उघडून भागत नाही, जमिनीपर्यंत उघडणारं दार उघडावं लागतं. हवेत सुमारे २ टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो, आणि जमिनीलगत ते प्रमाण वरच्यापेक्षा लवकर गाठलं जातं.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. रेग्युलेटर बदलू नका, निदान आत्ता तरी नको. गॅस एजन्सीच्या कामात मी इतकी वर्षं घरोघरी हेच पाहत आलो आहे: आवाज रेग्युलेटरपाशी येतो म्हणून लोक रेग्युलेटरलाच दोषी धरतात, आणि बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. शिवाय फुस्स आवाज आणि कमी आच हे एकाच दिवशी सुरू झाले म्हणून दोघांचं कारण एकच असेल असंही नाही. तुमच्या घरी ते एक असू शकतं, दोनही असू शकतात. म्हणून दोन्ही तक्रारी वेगळ्या करून तपासायच्या.

आधी आवाज घेऊ, कारण धोका त्यात आहे.

सिलिंडरच्या आत गॅसचा दाब बराच असतो. थंडीच्या दिवसांत तो दर चौरस सेंटीमीटरला चार-पाच किलोच्या आसपास असतो आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या दुपटीजवळ जातो. रेग्युलेटर हा दाब उतरवून सुमारे ३० ग्रॅमवर आणतो, म्हणजे शंभरपटीहून कमी करतो. पुढे नळीतून शेगडीपर्यंत एवढाच हलका दाब जातो. हे एकदा ध्यानात आलं की आवाजाचा अर्थ लागतो. चांगला ऐकू येणारा फुस्स आवाज बहुतेक वेळा रेग्युलेटरच्या आधीच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा असतो. नळीला बारीक चीर पडली तर तिथून गॅस निघतो, पण दाब इतका कमी असतो की कानाला काहीच कळत नाही, फक्त वास येतो. म्हणून "आवाज येत नाही, म्हणजे गळत नाही" असं कधी धरून चालू नका. तुमच्याकडे आवाज आहे, म्हणून मी पहिली नजर व्हॉल्व्हच्या तोंडाकडे टाकेन.

व्हॉल्व्हची टोपी काढून दिवसाच्या उजेडात वरून आत पाहिलं की मधोमध एक बारीक पिन दिसते आणि तिच्या वर, तोंडाच्या आतल्या खाचेत, एक काळी रबरी रिंग बसलेली दिसते. आपल्याकडे लोक तिला वायसर म्हणतात. रेग्युलेटरचं खालचं नळकांडं या रिंगमध्ये घट्ट घुसतं आणि गॅस बाहेर यायची वाट बंद होते. ही रिंग सिलिंडरची असते, तुमच्या रेग्युलेटरची नाही. सिलिंडर बदलला की रिंगही बदलते. नवीन सिलिंडर लावल्यापासूनच आवाज सुरू झाला, हे तुमच्या पत्रातलं सर्वांत उपयोगाचं वाक्य आहे. कधी रिंग कापलेली असते, कधी चपटी होऊन सैल झालेली असते, कधी जागेवर नसतेच. आत बोट घालू नका आणि पिनेला स्क्रू-ड्रायव्हर, खिळा, चमचा काही लावू नका. पिन दाबली की थेट सिलिंडरच्या दाबानं गॅस उसळतो. तो इतका गार असतो की बोट भाजल्यासारखं होतं, आणि पिन तिरपी झाली तर ती परत नीट बसत नाही.

आता रेग्युलेटर बसवायची पद्धत. भाच्यानं जोरात दाबून बसवला असं तुम्ही म्हणता, पण इथे जोर लागतच नाही. आधी नॉब बंद आहे का बघा. मग रेग्युलेटरच्या खालची काळी कॉलर दोन बोटांनी वर उचलून धरायची, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर अगदी सरळ उभा ठेवायचा, हलका दाबायचा आणि कॉलर सोडायची. कॉलर आपोआप खाली उतरते, टक् असा आवाज येतो, आणि आतल्या पोलादी गोळ्या व्हॉल्व्हच्या बाहेरच्या खाचेत अडकतात. ती कॉलर पूर्ण खाली आली का हे डोळ्यांनी पाहा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. त्यानंतर कॉलरला हात न लावता रेग्युलेटर वर ओढून बघा. तो वर उचलला जाता कामा नये. मात्र तो गोल फिरतो, आणि फिरलाच पाहिजे. बरेच जण फिरणाऱ्या रेग्युलेटरला "ढिला आहे" म्हणून तक्रार करतात, ती तक्रार खरी नाही. वर-खाली हलला तर दोष, गोल फिरला तर नाही.

कॉलर पूर्ण खाली येत नसेल तर खाचेत काहीतरी अडकलेलं असतं. बहुतेक वेळा तो नव्या सिलिंडरच्या सीलच्या प्लास्टिकचा तुकडा असतो, नाहीतर कॉलरच्या आत बसलेला कणीक-तेलाचा चिकट थर. कोरड्या कापडानं व्हॉल्व्हचा बाहेरचा भाग आणि कॉलरची आतली बाजू पुसून घ्या. तेल, ग्रीस, साबण यातलं काहीही लावू नका. रेग्युलेटर तिरपा किंवा अर्धवट बसला तर दोन्ही तक्रारी एकदम येतात. रिंगवर दाब सारखा पडत नाही म्हणून गॅस बाजूनं निसटतो, आणि नॉब फिरवल्यावर खाली येणारा आतला दांडा पिन पुरती दाबत नाही म्हणून शेगडीला गॅस कमी पोचतो. तुमच्याकडे असं झालं असण्याची शक्यता आहेच. म्हणून घरात वास पूर्ण निघून गेल्यावर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, देवापुढचा दिवा आणि अगरबत्ती विझवून, एकदा सांगितल्या पद्धतीनं रेग्युलेटर परत बसवून बघा.

बसवल्यावर आवाज कधी येतो ते तीन टप्प्यांत ऐका. पहिल्या टप्प्यात रेग्युलेटर बसलेला, पण नॉब बंद. आपल्या घरगुती रेग्युलेटरमध्ये नॉब बंद असताना पिन दाबलेली नसते, व्हॉल्व्ह स्वतःच्या स्प्रिंगनं बंद असतो. तरीही आवाज येत असेल तर पिनच नीट बसलेली नाही, दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. दुसऱ्या टप्प्यात रेग्युलेटरचा नॉब चालू, शेगडीचे दोन्ही नॉब बंद. आवाज आता सुरू झाला तर तो रिंगपासून किंवा रेग्युलेटरच्या अंगातून येतो आहे. तिसऱ्या टप्प्यात बर्नर पेटवलेला. पहिल्या दोन टप्प्यांत पूर्ण शांतता असेल तरच इथवर यायचं. आवाज फक्त बर्नर मोठा केल्यावर येत असेल, घुंऽऽ असा असेल आणि आच कमी केली की थांबत असेल, तर तो बहुधा रेग्युलेटरमधला पडदा थरथरल्याचा असतो. ती गळती नव्हे. वास नसेल आणि खाली सांगतो ती फेसाची परीक्षा कोरी निघाली तर त्यासाठी घाबरायचं कारण नाही, एजन्सीचा माणूस पुढच्या वेळी आला की दाखवा. रेग्युलेटर लावताना किंवा काढताना क्षणभर होणारी फुस् हीसुद्धा नेहमीची आहे, जोडात अडकलेला चिमूटभर गॅस सुटतो तेवढाच. आवाज चालूच राहिला तर मात्र ती गळती.

फेसाची परीक्षा अशी करतात. वाटीभर पाण्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड घालून घट्ट फेस करा. रेग्युलेटरचा नॉब चालू, शेगडीचे नॉब बंद. बोटानं किंवा जुन्या ब्रशनं फेस रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हच्या सांध्यावर चारही बाजूंनी लावा, मग रेग्युलेटरच्या डोक्यावर, मग नळी रेग्युलेटरच्या तोटीवर चढते तिथे, मग नळीभर, शेवटी नळी शेगडीला जोडली आहे तिथे. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून पाहा. फेसाचे मूळचे बुडबुडे हळूहळू फुटत जातात, गळतीच्या जागी मात्र नवे बुडबुडे फुगत राहतात. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं मी आजही पाहतो, आणि प्रत्येक वेळी माझा जीव वर येतो. वास भरून राहिलेल्या घरात तर फेसाची परीक्षाही करायची नाही, आधी घर मोकळं होऊ द्यायचं.

रेग्युलेटरच्या वरच्या भागावर सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. आतला रबरी पडदा वर-खाली व्हावा म्हणून हवा ये-जा करायला ते ठेवलेलं असतं. तिथे फेस फुगला तर पडदा फाटला, आणि मग दोष खरोखरच रेग्युलेटरचा. असा रेग्युलेटर दुरुस्त होत नाही, तो उघडायचाही नसतो. काही जण "इथून गॅस येते" म्हणून त्या भोकावर एम-सील लावतात किंवा टेप चिकटवतात. कृपा करून हे करू नका. भोक बुजलं की पडदा मोकळा हलत नाही, आणि दाब उतरवण्याचं रेग्युलेटरचं कामच बिघडतं.

हे सगळं करूनही रिंग की रेग्युलेटर असा संशय राहिला, तर घरातला दुसरा सिलिंडर उत्तर देतो. तुमच्याकडे जोडीचा सिलिंडर असेल तर तोच रेग्युलेटर त्यावर बसवा. आवाज रेग्युलेटरबरोबर तिकडे गेला तर दोष रेग्युलेटरचा. आवाज थांबला, तर दोष पहिल्या सिलिंडरच्या तोंडाचा.

गेल्या हिवाळ्यात आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरी मला बोलावलं होतं, ते सांगतो, कारण तुमच्यासारखंच जोडप्रकरण होतं. घरात वयस्क काका-काकू. नवीन सिलिंडर लावल्यापासून आवाज आणि कमी आच. मुलानं बाजारातून नवा रेग्युलेटर आणून बसवला, तरी आवाज तसाच. काकू म्हणाल्या, "दोन रेग्युलेटर झाले, आता टाकीच पालटून द्या ना जी." मी आधी तो बाजारातला रेग्युलेटर बाजूला ठेवला, कारण त्यावर ना आयएसआयचा शिक्का होता, ना कंपनीचा नंबर, आणि वरती दाब वाढवायचा एक स्क्रू होता. असले रेग्युलेटर भट्टीसाठी वापरतात. घरच्या शेगडीला आणि नळीला तो दाब सोसत नाही. मग त्यांचा जुना रेग्युलेटर लावला. नॉब बंद ठेवला तेव्हा शांत. नॉब चालू करताच आवाज आला. फेस लावला तर व्हॉल्व्हच्या सांध्यावर एकाच बाजूला बुडबुडे फुगत होते, डोक्यावरच्या भोकावर काही नाही. त्यांच्या दुसऱ्या सिलिंडरवर हाच रेग्युलेटर बसवला, आवाज बंद. मग पहिल्या सिलिंडरची रिंग काढून पाहिली, तिला एका जागी नखानं कापल्यासारखी चीर होती. नवी रिंग घातली, नॉब चालू करून परत फेस लावला, सांधा कोरा.

आवाज गेला, पण आच तशीच कमी. इथे बरेच मेकॅनिक "सिलिंडर नवा आहे, जरा चालू द्या, होईल" म्हणून निघून जातात. मी एकच बर्नर लावला, तर ज्योत ठीक. दुसरा लावताच दोन्ही बसल्या. दोन्ही सारख्याच बसल्या आणि रंग निळाच राहिला, म्हणजे बर्नर स्वच्छ होते, मागून गॅसच पुरेसा येत नव्हता. सिलिंडर भरलेला, रेग्युलेटर दुसऱ्या सिलिंडरवरही तसाच वागला, म्हणून उरली नळी. ओट्याखाली वाकून हात फिरवत गेलो तर मागच्या कोपऱ्यात गव्हाच्या कोठीखाली नळी दाबली गेली होती. सिलिंडर बदलताना कोठी सरकवली होती, ती परत ठेवली ती नळीवर. कोठी उचलली, दोन्ही बर्नर उसळले. पण दाबलेल्या जागी नळी चपटीच राहिली होती, आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, म्हणून नळी त्याच दिवशी बदलायला लावली. सिलिंडर बदलणं हा एकच धागा दोन्ही दोषांमागे होता, पण दोष वेगवेगळ्या जागी होते. रेग्युलेटर बदलून त्यातला एकही जाणार नव्हता.

तुम्हीही आच अशीच तपासा. आवाज पूर्ण थांबल्यावरच शेगडी पेटवायची, हे मात्र पक्कं. एक बर्नर लावा, ज्योत पाहा, मग दुसरा लावा. एकच बर्नर कमी आणि दुसरा चांगला असेल तर रेग्युलेटर, नळी आणि सिलिंडर तिन्ही सुटले. त्या एका बर्नरचा जेट किंवा भोकं बुजलेली आहेत, दूध उतू गेल्यावर हे हमखास होतं. दोन्ही सारखे कमी असतील तर दोष मागे. ज्योत पिवळी होऊन भांड्याचं बूड काळं होत असेल तर तो हवेचा आणि बर्नरच्या मळाचा प्रश्न, दाबाचा नाही. उन्हाळ्यात कूलरची झोत थेट शेगडीवर येत असेल तर आच नुसती कमी वाटते, तेवढंही बघून घ्या.

एक गोष्ट हिवाळ्याची. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं. या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन भाग असतात. प्रोपेन थंडीतही सहज उकळून वर येतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास उकळायचाच थांबतो. सिलिंडर संपत आला की तळाशी ब्युटेन जास्त उरतो, म्हणून पहाटे चहा ठेवताना आच बसलेली आणि दुपारी बरी, असं होतं. तुमचा सिलिंडर परवाच लावलेला आहे, त्यामुळे हे कारण तुम्हाला लागू पडत नाही. पण महिनाभरानं असं झालं तर सिलिंडर गरम पाण्यात ठेवू नका आणि आडवा किंवा उलटा तर अजिबात करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, शेगडीवर भडका उडतो आणि पडदा खराब होतो.

आता तुमची नळी. चार-पाच वर्षांची "असेल" म्हणता, तर अंदाज करायची गरज नाही. एजन्सीकडून मिळणाऱ्या केशरी सुरक्षा नळीवर, जिच्या रबराच्या आत पोलादी तारांची जाळी असते, आयएसआयचा शिक्का आणि तयार झाल्याचा महिना-वर्ष छापलेला असतो. तिचं आयुष्य ५ वर्षं धरतात. छापलेलं पुसून गेलं असेल तर वय झालं असंच समजा. पुरानी हिरवी किंवा काळी साधी रबरी नळी अजून वापरात असेल तर तिची तपासणीही करत बसू नका, सरळ बदला.

नळी तपासताना रेग्युलेटर काढून ठेवा आणि नळी हातात घेऊन थोडी थोडी वाकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. सरळ नळीत भेग दिसत नाही, वाकवल्यावर ती उघडते. सर्वांत आधी टोकं पाहा, कारण तोटीवर ताणून बसलेली असल्यानं रबर तिथे आधी कडक होतं. शेगडीकडचं टोक तर रोजची धग खातं. हात लावल्यावर नळी लाकडासारखी कडक वाटली, किंवा उलट फुगून मऊ चिकट झाली, तरी गेली समजा. जुन्या घरांत उंदरांचे दात लागलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत, ओट्याखालच्या अंधाऱ्या भागात. नळीवर कापडाची किंवा प्लास्टिकची पिशवी शिवून घालू नका. ती दिसायला बरी असते, पण आतली भेग झाकते.

नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मधे जोड नको, भिंतीतून किंवा फर्निचरच्या भोकातून नेलेली नको, आणि बर्नरच्या मागून वर आलेली नको. लांब नळी घेतली की ती कुठेतरी दुमडते, आणि रेग्युलेटरच्या तोटीपाशी काटकोनात दुमडलेली नळी हे कमी आचेचं मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण आहे. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात मागे ढकलला की नेमकं हेच होतं. सिलिंडर थोडा फिरवून तोटी मोकळ्या बाजूला करा, तेवढ्यानंही आच सुधारलेली दिसेल.

नवी नळी चढवताना तोटीवरची सगळी वळी झाकली जातील इतकी ती आत गेली पाहिजे. घट्ट जात असेल तर टोक साबणाच्या पाण्यानं ओलं करा, पण तेल लावू नका आणि टोक आगीवर धरून मऊ करू नका. सैल बसत असेल तर वरून तार आवळू नका, तार रबर कापते. सैल बसणारी नळी म्हणजे चुकीच्या मापाची नळी. चढवून झाली की दोन्ही टोकांवर फेसाची परीक्षा परत करायची, कारण इथली गळती ऐकू येणार नाही.

रिंग स्वतः बदलायला जाऊ नका. एजन्सीत फोन करून "सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या रिंगपाशी गळती आहे" असं नेमकं सांगा, नुसतं "रेग्युलेटर खराब आहे" म्हणू नका, म्हणजे येणारा माणूस रिंग घेऊनच येईल. त्याचं काम काही मिनिटांचं असतं. तुमच्यासमोर फेस लावून दाखवायला सांगा. हार्डवेअरच्या दुकानातली नळाची रिंग चालत नाही, कारण या गॅसमध्ये साधं रबर फुगतं आणि बिघडतं. त्यासाठी गॅस सोसणारं वेगळं रबर लागतं. रेग्युलेटर खरोखर खराब निघाला तर तोही एजन्सीतूनच बदलून घ्या. तो तुम्हाला अनामत भरून दिलेला असतो, त्यामुळे जुना देऊन बदली मिळते. जाताना कनेक्शनचा कागद सोबत ठेवा.

टोपी लावूनही फुस्स चालूच राहिलं, किंवा वास वाढला, तर मग तपासणी थांबवायची. कोणत्याही बटनाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. चालू असलेला कूलर आणि पंखा जसा आहे तसा राहू द्या, बटन दाबताना उडणारी ठिणगीच घात करते. मेन स्विच घराबाहेर, गॅसपासून दूर असेल तरच तो तिथून बंद करा, कारण फ्रिज आपोआप सुरू होतो तेव्हाही आत ठिणगी पडते. जमत असेल तर सिलिंडर उभाच धरून अंगणात किंवा मोकळ्या जागी न्या, जवळपास चूल किंवा कचऱ्याची आग नाही हे बघून. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच मोबाइल काढून १९०६ लावा. गॅसगळतीसाठी हा नंबर २४ तास चालतो, कोणत्याही कंपनीचा सिलिंडर असला तरी.

पुढच्या वेळी सिलिंडर येईल तेव्हा आणणाऱ्याला दारातच सील काढून टोपी उघडायला सांगा. व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाकलं की पिन गळत असेल तर तिथेच बुडबुडे येतात. रिंग तपासायचं साधन त्याच्याकडे असतं, तेही लावायला सांगा. दोष निघाला तर तो सिलिंडर घरात घेऊच नका, दुसरा मागा.